बार भरलेले, तरी नेट रांगतंय: सोलापुरातल्या मोबाईल डेटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलचं नेट दोन अगदी वेगळ्या कारणांनी स्लो होतं. एक तर टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत नीट पोचत नाही, किंवा सिग्नल उत्तम पोचतो पण त्या टॉवरवर माणसं फार झालेली असतात. दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून इथले बरेचसे प्रश्न शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात: आपल्याला यातलं नेमकं काय झालंय, ते कसं ओळखायचं?

फोनवर सगळे बार भरलेले दिसतात. मग नेट का चालत नाही?

बार एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतोय. टॉवर काही ठरावीक खुणेचे सिग्नल सतत, ठरलेल्या ताकदीनं सोडत असतो. पहाटे तीनला त्या टॉवरवर चार फोन असोत की संध्याकाळी चारशे, या खुणांची ताकद बदलत नाही. फोन मुख्यतः याच खुणा मोजतो आणि त्यावरून बार काढतो. त्यामुळे टॉवर रिकामा असला तरी पाच बार, खच्चून भरला तरी पाच बारच.

एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागली की ती आपल्या जवळ आली एवढं कळतं, आत बसायला जागा आहे का ते चढल्याशिवाय कळत नाही. बारचं तसंच आहे.

आणखी एक अडचण म्हणजे किती सिग्नलला किती बार दाखवायचे याचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा एकच नियम नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोनवर एकाच नेटवर्कच्या सिमचे तीन आणि पाच बार दिसू शकतात. त्यावरून “तुझा फोन भारी, माझा भिकार” असा निकाल कुणी देऊ नये.

मग बारऐवजी काय बघायचं?

डीबीएम, म्हणजे फोनपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघायचा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो `Settings` मध्ये `About phone` आणि त्यात `SIM status` असं गेलं की `Signal strength` या नावाखाली दिसतो. तिथं साधारण असं लिहिलेलं असतं:

```
-97 dBm 43 asu
```

त्यातला पहिला आकडा आपल्या कामाचा, दुसरा सोडून द्या. काही फोनमध्ये डायल पॅडवर `*#*#4636#*#*` टाकलं की जास्त तपशिलाचं पान उघडतं. सगळ्या कंपन्यांनी ते चालू ठेवलेलं नाही, त्यामुळे तुमच्या फोनवर काहीच उघडलं नाही तर फोन बिघडलाय असं समजू नका. आयफोनवर `*3001#12345#*` टाकून कॉलचं बटण दाबायचं. तिथं `RSRP` नावाच्या ओळीतला आकडा म्हणजे हाच.

हा आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळ हिशोब असा धरा: उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर सिग्नलबद्दल तक्रार करायला जागा नाही. उणे १०० च्या आसपास काम चालतं. उणे ११० च्या खाली गेलं की पानं अडकत उघडतात, आणि उणे १२० म्हणजे फोन सिग्नलच्या अगदी कडेला लटकतोय.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा आकडा साध्या फूटपट्टीसारखा सरळ चालत नाही. दहानं घसरला की पोचणारी ताकद दहा पटीनं कमी होते, तीननं घसरला की निम्मी. म्हणजे उणे ९० आणि उणे ११० हे कागदावर जवळजवळ वाटतात, पण मधला फरक शंभर पटीचा आहे. खिडकीतून आतल्या खोलीत गेल्यावर आकडा पंधरा-वीसनं पडला तर नेट बसणारच.

सिग्नल कमी आहे की गर्दी आहे, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा, आणि त्या एकत्र बघा.

पहिली गोष्ट डीबीएमचा आकडा. दुसरी, त्याच जागेवर उभं राहून दोन वेगळ्या वेळी स्पीड टेस्ट: एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे जेवणं उरकून सगळं गाव फोन घेऊन बसतं तेव्हा. तिसरी गोष्ट स्पीड टेस्टमधला `Ping`. सोप्या भाषेत, आपण हाक मारल्यावर ओ यायला किती वेळ लागला. तो मिलिसेकंदात असतो. चांगल्या ४जीवर तो साधारण ३० ते ६० च्या घरात राहतो.

आता अर्थ लावू. डीबीएम वाईट आहे आणि सकाळ असो की रात्र, नेट सारखंच रडतं, तर दुखणं सिग्नलचं आहे. भिंत, पत्रा, अंतर यातलं काहीतरी आड येतंय. याउलट डीबीएम दोन्ही वेळी उत्तम, सकाळी नेट सुसाट, रात्री मात्र स्पीड दहाव्या हिश्श्यावर आणि `Ping` पाचशे-सातशेवर, तर टॉवरवर गर्दी आहे. जुळे सोलापूरसारख्या भागात, जिथं मोकळ्या जागांवर घरं आणि अपार्टमेंट भराभर उभी राहिली, तिथले लोक “बार फुल्ल आहेत पण रात्री नेट मरतं” म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. माणसं वाढली की टॉवरही त्या मानानं वाढावे लागतात, आणि ते नेहमी मागून येतात.

कधी दोन्ही दुखणी एकाच वेळी असतात. अशा वेळी आधी सिग्नलचं दुरुस्त करा, कारण तेवढंच आपल्या हातात आहे.

सकाळपासून चांगलं होतं, दुपारनंतर एकदम बसलं. हीसुद्धा गर्दीच का?

आधी रोजचा डेटा संपला का ते बघा. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या बहुतेक प्लॅनमध्ये कोटा संपल्यावर नेट बंद होत नाही, ते ६४ केबीपीएसवर येतं. व्हॉट्सअॅपचा मजकूर कसाबसा जातो, बाकी सगळं गोल फिरत राहतं. हुबेहूब गर्दीसारखं दिसतं, पण रात्री बारानंतर आपोआप बरं होतं. ज्यांच्याकडे अमर्याद ५जीचा प्लॅन आहे त्यांनी तर हे हटकून तपासावं: फोन ५जीवरून ४जीवर उतरला की तिथला वापर रोजच्या कोट्यातून कापला जातो, आणि तो कधी उतरला हे लक्षातही येत नाही.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर नेट इतकं का मरतं?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण गर्दीचं सगळं गणित इथं डोळ्यांसमोर घडतं.

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर, संमती कट्टा आणि होम मैदान एवढ्या पट्ट्यात अख्खा जिल्हा लोटतो. नंदीध्वज आले, अक्षता सुरू झाल्या की प्रत्येकाचा हात वर, हातात फोन. एरवी त्या भागातल्या टॉवरना नव्या पेठेचा आणि पार्क चौकाचा रोजचा भार सांभाळायचा असतो. त्या दिवशी तेच टॉवर, तेवढीच जागा, आणि माणसं कित्येक पटीनं.

टॉवर म्हणजे साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले अँटेनांचे तीन गट असतात. प्रत्येक दिशेला काही ठरलेला स्पीड असतो आणि तो त्या दिशेच्या सगळ्या फोनमध्ये वाटला जातो. आता समजा मैदानाकडे तोंड असलेल्या एका दिशेला, ४जीच्या एका फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर, प्रत्यक्षात ४० एमबीपीएस डाउनलोड आणि १० एमबीपीएस अपलोड मिळतं. आकडे हिशोबासाठी धरलेत, पण वास्तवाला धरून आहेत. त्याच वेळी दोनशे फोन खरोखर काहीतरी पाठवतायत किंवा मागवतायत. वाटणी केली तर एकाच्या वाट्याला डाउनलोड ०.२ आणि अपलोड ०.०५ एमबीपीएस येतं.

आता तुमच्या बहिणीनं अक्षतांचा पंधरा एमबीचा व्हिडिओ काढला आणि पुण्यातल्या आईला पाठवायला घेतला. पंधरा एमबी म्हणजे १२० मेगाबिट, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात, आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. ०.०५ च्या स्पीडनं त्याला २,४०० सेकंद लागतील, म्हणजे चाळीस मिनिटं. तोवर अॅप दोनदा कंटाळून “पुन्हा प्रयत्न करा” म्हणालेलं असतं. तेच दोनशे केबीचा साधा फोटो अर्ध्या मिनिटात जातो. तीस सेकंदांचा आवाजी मेसेज साधारण साठ केबीचा असतो, तो दहा सेकंदांत पोचतो. त्यामुळे गर्दीत काय पाठवायचं याची निवड कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडते. व्हिडिओ काढा जरूर, पाठवा घरी गेल्यावर. आईला तिथून “अक्षता पडल्या, आम्ही नीट आहोत” एवढं बोलून पाठवलं तरी तिचा जीव भांड्यात पडतो.

यात अपलोडचा भाग जास्त जाचक असतो हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. घरी बसून आपण नेटवरून मागवतो जास्त, पाठवतो कमी. नेटवर्कची रचनाही तशीच, डाउनलोडकडे झुकलेली असते. यात्रेत हे उलटतं, सगळेच पाठवायला लागतात. वर फोनची ताकद टॉवरपुढे अगदी तुटपुंजी, वॉटच्या पाचव्या हिश्श्याएवढी. माणसांच्या अंगातून वाट काढत तो सिग्नल टॉवरपर्यंत जायचा असतो. म्हणून पान उघडतं पण फोटो जात नाही, असं यात्रेत हमखास होतं.

मोठ्या यात्रांना कंपन्या गाडीवर बसवलेले तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. त्यांनी भार हलका होतो, पण सगळी तूट भरून निघत नाही. तात्पुरता टॉवर जवळ आला की बार वाढतात, लोक पुन्हा व्हिडिओ पाठवायला घेतात, आणि तोही भरतो.

मैदानात उभं राहून काही करता येतं का?

येतं, पाय वापरून. शहरातला टॉवर काही शे मीटरचाच भाग सांभाळतो आणि तोही दिशेनं वाटलेला. त्यामुळे गर्दीच्या मधोमध उभं राहून फोन वर धरण्यापेक्षा पाच-सात मिनिटं चालत सात रस्त्याच्या किंवा रेल्वे लाईन्सच्या बाजूला सरकलात तर फोन वेगळ्या टॉवरवर, निदान वेगळ्या दिशेच्या अँटेनावर जाण्याची शक्यता चांगली असते. तिथं बार एखादा कमी दिसेल, नेट मात्र पळेल. बारच्या मागे न लागण्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

फोन वर धरल्यानं माणसांची आड कमी होते, सिग्नल थोडा सुधारतो, पण गर्दीच्या दुखण्याला त्याचा उपयोग फारसा नाही.

आणि यात्रेला निघायच्या आधी फोटोंचा आपोआप बॅकअप आणि व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा. खिशातला फोन तुमच्या वाट्याचा तो इवलासा स्पीड ग्रुपवरच्या तिळगुळाच्या चित्रांवर उधळत असतो.

नेट मेलेलं असतानाही फोन लागतो, एसएमएस येतो. हे कसं?

४जीवरच्या कॉलला नेटवर्क वेगळी, राखीव वागणूक देतं. बोलण्याला जागा लागते थोडी, पण ती वेळेवर लागते, म्हणून ती आधी दिली जाते आणि उरलेल्यात बाकीचा डेटा भागवला जातो. एसएमएस तर नेटवर्कच्या आपापसातल्या निरोपांच्या वाटेनं जातो आणि अगदी चिमुकला असतो. म्हणून गर्दीत माणूस चुकला तर व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवत बसू नका. सरळ फोन करा, नाहीतर “पार्क चौकात, चहाच्या गाड्यापाशी” असा एसएमएस टाका.

५जीचं चिन्ह दिसतं, तरी ४जीपेक्षा स्लो. असं होऊ शकतं का?

होतं, आणि बऱ्याचदा होतं. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालं. त्यातलं बरंचसं ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं. या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे, म्हणून टॉवरच्या समोर उभं राहिलं की स्पीड थक्क करतो. पण लहरीचा हा मेगाहर्ट्झचा आकडा जितका मोठा तितकी ती भिंतीत अडकते. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल जिथं दोन भिंती ओलांडून येतो, तिथं ३,३०० चा पहिल्याच भिंतीत निम्मा-अधिक खर्ची पडतो. मग फोन ५जीच्या अगदी कडेला लोंबकळत राहतो: थोडा वेळ ५जी, सुटलं की ४जी, पुन्हा ५जी. प्रत्येक उडीला काही क्षण नेट थांबतं. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो तो बऱ्याचदा याच उड्यांमुळे.

दुसरं असं की काही नेटवर्कवर ५जी हे ४जीचा हात धरून चालतं. तिथं फोन आधी ४जीशी बांधलेला राहतो आणि ५जी वरून जोडलं जातं. अशा ठिकाणी ४जी तुंबलं तर ५जीच्या चिन्हाला फारसा अर्थ उरत नाही. जिओचं ५जी मात्र स्वतंत्र रचनेवर उभं आहे.

नेटवर्क मोड नेमका कुठला ठेवावा?

रोजच्यासाठी आपोआप निवडणारा मोडच ठेवा. सॅमसंगवर तो `Connections`, `Mobile networks`, `Network mode` असा सापडतो, इतर बऱ्याच फोनवर `Preferred network type` या नावानं, आणि आयफोनवर `Voice & Data` मध्ये. मोड बदलण्याची वेळ माझ्या मते दोनच ठिकाणी येते.

एक, घरात किंवा ऑफिसात जिथं ५जी कडेला लोंबकळतंय. तिथं ४जीवर उतरा. आकड्यातला मोठा स्पीड जातो, पण जो मिळतो तो टिकतो. नेटवरचं पान उघडायला किंवा व्हिडिओ कॉलला दोन-पाच एमबीपीएस पुरतात, दोनशे लागत नाहीत.

दोन, गर्दी. इथं एकच नियम नाही, करून बघावं लागतं. गर्दीतल्या बऱ्याच लोकांकडे अजून ४जी फोन असतील तर ५जी मोकळं सापडतं, म्हणून फोन ४जीवर असेल तर आधी ५जी चालू करा. उलट ५जीवरच अडकला असाल तर ४जी करून बघा. एक बदल केला की मिनिटभर थांबा, मग ठरवा. भराभर मोड बदलत राहिलं की फोन नुसता नेटवर्क शोधत बसतो आणि आपल्याला वाटतं काहीच चालत नाही.

३जीचा मोह धरू नका. “जुनं आहे, तिथं कुणी नसेल” हा तर्क ऐकायला बरा, पण बहुतेक खासगी नेटवर्कनी ३जी आवरतं घेतलंय. २जीवर नेट म्हणजे नसल्यातच जमा. जिओच्या सिमला तर २जी-३जी नाहीच, कारण ते नेटवर्क ४जीवरच सुरू झालं. तिथं २जी मोड निवडला की सरळ “सेवा नाही” दिसेल, आणि मग लोक सिम खराब झालं म्हणून दुकानात येतात.

`LTE only` ची युक्ती करावी का?

`*#*#4636#*#*` च्या पानावर हा पर्याय असतो आणि फोनला ४जीवरच बांधून ठेवतो. कडेला लोंबकळणाऱ्या फोनवर काम करतो हे खरं. पण तुमच्या सिमवर ४जी कॉलिंग चालू नसेल तर या मोडमध्ये फोन लागतही नाही आणि येतही नाही, ११२ लासुद्धा अडचण येऊ शकते. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या फोनवर हे करू नका. तुमच्या फोनवर केलंत तर लगेच एकदा दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा.

विमान मोड चालू-बंद केलं की नेट सुधारतं, हे खरं की मनाची समजूत?

एका परिस्थितीत खरं. तुम्ही यात्रेतून बाहेर आलात, घरी पोचलात, पण फोन अजून लांबच्या टॉवरला किंवा ४जीला धरून बसलाय. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद केलं की फोन आजूबाजूचं सगळं नव्यानं चाचपतो आणि जवळचा टॉवर धरतो. गर्दीच्या आत मात्र याचा उलटा परिणाम होतो. तुटक का होईना, जोडलेले असता. ते सोडून पुन्हा शिरायला गेलात की तुमच्यासारखे शेकडो फोन त्याच क्षणी दार ठोठावत असतात.

आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. बाहेर रस्त्यावर नेट पळतं, आत शून्य. काय करावं?

हे गर्दीचं दुखणं नाही, पत्र्याचं आहे. लोखंडी पत्रा मोबाईलच्या लहरी आत येऊच देत नाही, त्या परतवून लावतो. आत जो थोडा सिग्नल दिसतो तो दारातून, खिडकीतून आणि फटींतून शिरलेला असतो. दारात उणे ८८ आणि मागांच्या ओळीच्या टोकाला उणे ११८ असं दिसलं तर आश्चर्य वाटायला नको. अशोक चौक असो की अक्कलकोट रोड एमआयडीसी, पत्र्याच्या शेडमध्ये हीच गत.

इथं मोड बदलून ५जी ऐवजी ४जी केलं तर थोडा फरक पडू शकतो. खरा उपाय मात्र तारेचा आहे: ब्रॉडबँड घ्या, आत वायफाय लावा आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. मग टॉवरच्या सिग्नलशिवाय बोलणंही होतं. ब्रॉडबँड येत नसेल तर सिमवर चालणारा राउटर दाराजवळच्या खिडकीत, बाहेर तोंड करून ठेवा. तो तिथला चांगला सिग्नल पकडेल आणि आत वायफाय वाटेल.

मग सिग्नल बूस्टर का लावू नये? ऑनलाइन तर मिळतो.

मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही. परवान्याशिवाय खासगी बूस्टर बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. हलक्या प्रतीचा बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो. टॉवरला आजूबाजूच्या फोनचं म्हणणं ऐकू येईनासं होतं आणि अख्ख्या गल्लीचं नेट बसतं. शिवाय बूस्टरनं बार वाढतात. टॉवरवर गर्दी असेल तर स्पीड एका काट्यानंही वाढत नाही.

यात्रेत स्टॉल आहे. गिऱ्हाईक म्हणतं पैसे गेले, आमचा साउंडबॉक्स गप्प. कुणावर विश्वास ठेवायचा?

साउंडबॉक्सच्या आत स्वतःचं सिम असतं, आणि ते त्याच तुंबलेल्या टॉवरवर असतं. त्यामुळे पैसे खात्यात जमा होऊनही तो मिनिटा-दोन मिनिटांनी बोलू शकतो. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा पडदाही पुरावा म्हणून पुरेसा नाही, तसे पडदे दाखवणारी बनावट अॅप आहेत. बँकेचा एसएमएस बघा, तो नेट नसतानाही येतो. त्यासाठी यात्रेआधीच खात्याला एसएमएस सूचना चालू आहेत ना, याची खात्री करून घ्या.

गिऱ्हाइकाच्या फोनवर व्यवहार `Pending` दिसत असेल तर मावशी, लगेच दुसऱ्यांदा पैसे मागू नका. पहिला व्यवहार नंतर पूर्ण झाला तर त्याचे पैसे दुप्पट जातील आणि भांडण तुमच्या दारात येईल. चार दिवस सुटे जवळ ठेवा, एवढाच साधा इलाज आहे.

दोन सिम असतील तर?

गर्दीत याचा चांगला उपयोग होतो. दोन्ही सिम वेगळ्या कंपन्यांची असतील तर डेटासाठी दुसरं सिम निवडा, मोड बदलण्याच्या खटाटोपापेक्षा हे बऱ्याचदा लवकर लागू पडतं. एकाच कंपनीची दोन सिम असतील तर टॉवर तोच, गर्दी तीच.

रोजच रात्री नेट बसतं. तक्रार केली तर काही होतं का?

“नेट स्लो आहे” एवढंच सांगितलं तर पलीकडून फोन बंद-चालू करायला सांगतात आणि तक्रार मिटवतात. म्हणून आधी आठवडाभर एकाच जागेवरून सकाळी आणि रात्री मोजमाप घ्या. स्पीड, `Ping`, डीबीएम, तारीख आणि वेळ, एवढं वहीत लिहा किंवा पडद्याचे फोटो ठेवा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचं मायस्पीड अॅप यासाठी चांगलं, त्यातली नोंद ट्रायकडेही पाठवता येते.

मग १९८ वर फोन करून सांगा की माझा डीबीएम सकाळ-रात्र उणे ८५ च्या आसपास राहतो, सकाळी स्पीड अमुक, रात्री अमुक, म्हणजे ही टॉवरवरच्या गर्दीची तक्रार आहे, माझ्या फोनची किंवा घरातल्या सिग्नलची नाही. पत्त्याबरोबर जवळची खूण सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. शेजारच्या दोन-चार घरांनीही आपापल्या नंबरवरून तक्रार नोंदवली तर ती एका घराची कुरकुर राहत नाही. उत्तरानं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथं पहिली विचारणा होते ती या तक्रार क्रमांकाची.